चित्र कानाने वाचायचं: तीन घड्याळं घातलेला खेकडा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या भागात आपण एकच चित्र घेणार आहोत. पॉडकास्टवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी ते डोळ्यांसमोर आणा. एक खेकडा आहे. आपला साधा, आठ पाय आणि दोन नांग्यांचा. त्याच्या अंगावर तीन मनगटी घड्याळं आहेत. बास. बाकी काही नाही. कुणी काही बोलत नाही, मागे कसला देखावा नाही.

हे चित्र चीनमधलं आहे. साधारण २००८-०९ च्या सुमारास तिथल्या इंटरनेटवर ते फिरत होतं, आणि त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघत होत्या. चिनी माणूस ते बघून हसायचा. आणि हसण्याआधी, थोडंसं, आजूबाजूला बघायचा.

हे चित्र मराठी माणसाला दाखवलं की काय होतं, ते मला पाठ आहे. मी चिनी शिकवतो, त्यामुळे दर वर्षी नव्या वर्गात हे चित्र निघतं. पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "सर, टोपलीतले खेकडे! एक वर चढायला लागला की बाकीचे पाय ओढतात." कारण आपल्याकडे खेकडा म्हटलं की तोच विनोद. टोपलीला झाकण नको, कारण खेकडे मराठी आहेत. मग कुणीतरी घड्याळांचा अर्थ लावतं. वेळ थोडा, कामं फार, तीन घड्याळं घालूनही वाकडाच चालतो, वगैरे. काही अर्थ इतके छान असतात की खरा विनोद सांगावासा वाटत नाही.

पण यातलं काहीच चित्रात नाही. आणि हे चित्र कितीही वेळ बघत बसलात तरी कळणार नाही, कारण ते बघायचं चित्रच नाही. ते ऐकायचं आहे. चिनी भाषेत मोठ्याने म्हणायचं आहे. म्हणून पॉडकास्टवर ते कदाचित जास्त चांगलं समजेल.

तर चला, म्हणूया. चित्रात काय आहे? खेकडा. चिनीत खेकड्याला रोजचा शब्द आहे "फांगश्ये". बाजारात, हॉटेलात, घरात, सगळीकडे फांगश्ये. पण या चित्राखाली तो शब्द नसतो. तिथे असतं "ह-श्ये". "ह" म्हणजे नदी, आणि "श्ये" म्हणजे खेकडा. नदीतला खेकडा. आता विचार करा, साधा शब्द हाताशी असताना कुणी मुद्दाम "नदीतला खेकडा" का म्हणेल? मराठीत चित्राखाली "खेकडा" न लिहिता कुणी "नदीखेकडा" असं लिहिलं, तर आपण लगेच थबकू. म्हणू, काहीतरी आहे इथे. तसंच. नेहमीचा शब्द सोडून आडवळणाचा शब्द वापरलाय, ही पहिली खूण. शब्दखेळ असलेल्या विनोदात असा एक तरी शब्द बहुतेक वेळा सापडतो, जो गरजेपेक्षा थोडा जास्त नेमका किंवा थोडा विचित्र असतो.

आता दुसरा शब्द ऐका. "ह-श्ये." तुम्ही म्हणाल, हा तर तोच! नाही, वेगळा आहे. खेकड्याच्या शब्दात "श्ये" वरून खाली आपटतो. दुसऱ्या शब्दात "श्ये" खालून वर चढतो. आपण मराठीत "हो?" असं शंकेने विचारतो आणि "हो!" असं ठासून सांगतो, तसा फरक. फक्त आपल्याकडे त्या सुराने भावना बदलते, शब्द "हो" हाच राहतो. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. चढत्या सुरातला ह-श्ये म्हणजे सलोखा, सुसंवाद, एकोपा.

म्हणजे एका सुराच्या अंतरावर दोन शब्द उभे आहेत. नदीतला खेकडा आणि सलोखा.

हे असं चिनीत पावलोपावली होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. सूर बाजूला ठेवले तर प्रमाण चिनी भाषेत सगळी मिळून जेमतेम चारशे अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे आहेत. सूर धरले तरी हजार-बाराशेच्या आसपास. आणि लिहायच्या चिन्हांची संख्या मात्र हजारोंमध्ये. साहजिकच एकेका उच्चारावर कितीतरी चिन्हं दाटीवाटीने बसलेली असतात. त्यामुळे त्या लोकांना चित्र "ऐकायची" सवय लहानपणापासून असते. नव्या वर्षाला घरात माशाचं चित्र लावतात. का? तर मासा म्हणजे "यू", आणि शिल्लक, भरभराट म्हणजेही "यू". दारावर "फू" म्हणजे सुख हे अक्षर उलटं चिकटवतात, कारण "उलटं" आणि "आलं" हे दोन्ही "ताओ". सुख उलटं झालं, म्हणजे सुख आलं. चिनी आजी नातवाला हे चित्र दाखवून समजावते. त्यामुळे तो नातू मोठा होऊन खेकड्याचं चित्र बघतो, तेव्हा त्याचा कान आपोआप कामाला लागतो. खेकड्याचं चित्र काढणाऱ्याने काही नवा प्रकार शोधला नव्हता. आजीच्याच युक्तीने त्याने सरकारला चिमटा काढला.

आता प्रश्न, सलोख्यात हसण्यासारखं काय आहे?

त्यासाठी २००४ सालात जायला हवं. त्या वेळी हू जिंताओ चीनचे सर्वोच्च नेते होते. त्यांच्या काळात पक्षाने एक घोषणा पुढे आणली, "सलोख्याचा समाज उभारा". आर्थिक सुधारणांमुळे गरीब-श्रीमंत दरी वाढली होती, जमिनीवरून, मजुरीवरून गावोगाव असंतोष होता. त्यावर उतारा म्हणून हा सलोखा. बॅनरवर सलोखा, वर्तमानपत्रात सलोखा, वस्तीच्या सूचनाफलकावर सलोखा. आणि त्याच सलोख्याच्या नावाखाली इंटरनेटवरचं न आवडणारं लिखाण काढून टाकलं जाऊ लागलं. सकाळी लिहिलेला लेख दुपारी गायब. टिप्पणी गायब. कधी अख्खा ब्लॉग गायब.

लोकांनी काय केलं? त्यांनी "सलोखा" या शब्दाचं क्रियापद केलं. माझा लेख काढून टाकला, असं न म्हणता ते म्हणू लागले, "माझ्या लेखाचा सलोखा झाला." आपण कसं म्हणतो, "त्याचा निकाल लागला", तसं. यात तक्रार आहे, पण तक्रारीचा एकही शब्द नाही. सगळे शब्द सरकारनेच दिलेले. आपल्याकडे "लेकी बोले सुने लागे" म्हणतात ना, त्याचाच हा पुढचा अवतार. इथे सुनेने सासूचंच वाक्य उचललं, आणि तिलाच परत ऐकवलं.

साहजिकच या अर्थाने वापरलेला "सलोखा" हा शब्दसुद्धा नजरेत येऊ लागला. मग लोक एक पाऊल बाजूला सरकले. चढता "श्ये" पाडला, आणि सलोख्याचा झाला नदीतला खेकडा. "माझा लेख खेकड्याने नेला." आता कोण काय म्हणणार? खेकड्याबद्दल बोलायला बंदी थोडीच आहे.

इथे जरा थांबूया, कारण विनोदाचं मुख्य यंत्र इथे आहे. इंटरनेटवर लिखाण गाळायचं काम काही अंशी माणसं करतात, काही अंशी यंत्र करतं. यंत्राकडे शब्दांची यादी असते. पण ती यादी असते लिहिलेल्या चिन्हांची. सलोख्याची दोन चिन्हं आणि नदीखेकड्याची दोन चिन्हं यांच्यात कागदावर काडीचंही साम्य नाही. यादी डोळ्याने चालते. वाचणारा माणूस मात्र मनातल्या मनात उच्चार करतो, तो कानाने चालतो. डोळा आणि कान यांच्यामध्ये जी फट आहे, त्या फटीतून हा खेकडा आत शिरला.

मराठीत हे समजायला एक सोपी गोष्ट आहे, फक्त ती उलटी आहे. आपण "चार" लिहितो. ते चार आंबे असू शकतात, किंवा "गुरं चार" यातलं चार असू शकतं. "जग" लिहितो, ते दुनिया असू शकतं किंवा "सुखाने जग" यातलं जगणं असू शकतं. कागदावर तंतोतंत एकच, पण तोंडात "च" आणि "ज" वेगळे. म्हणजे आपल्याकडे डोळा फसतो आणि कान सोडवतो. चिनीत कान फसतो आणि डोळा सोडवतो. म्हणून चिनी शब्दखेळ लिखाणात लपवता येतो. बघणाऱ्याला दिसतो खेकडा, ऐकणाऱ्याला ऐकू येतो सलोखा.

सलोख्याच्या त्या दोन चिन्हांचीही एक गंमत चिनी लोक सांगतात. पहिल्या चिन्हात डावीकडे धान्य आहे आणि उजवीकडे तोंड. दुसऱ्या चिन्हात एका बाजूला बोलणं आहे, दुसऱ्या बाजूला "सगळे". म्हणजे सलोखा कधी? जेव्हा प्रत्येक तोंडाला धान्य मिळतं आणि सगळ्यांना बोलता येतं. भाषेचे अभ्यासक सांगतील की धान्य आणि "सगळे" हे भाग त्या चिन्हांत उच्चार दाखवायला आलेत, अर्थासाठी नाही. ते बरोबरच आहे. पण ही फोड लोकांच्या तोंडी आहे, आणि ज्यांना बोलताना गप्प केलं गेलं त्यांना ती जास्त लक्षात राहते, एवढं खरं.

बरं, अर्धं चित्र झालं. खेकडा कळला. आता घड्याळं.

तीनच का? दोन का नाहीत? पुन्हा मोठ्याने म्हणूया. "तीन घड्याळं घातलेला" हे चिनीत होतं "ताय सान क प्याओ". "ताय" म्हणजे अंगावर घालणं. "सान" म्हणजे तीन. "प्याओ" म्हणजे घड्याळ. मधला "क" हा मोजताना लावायचा शब्द. आपण हिशेबात "तीन नग" लिहितो, तो नग समजा. चिनीत काहीही मोजायचं तर असा शब्द लागतोच.

आता यातला पहिला तुकडा उचला आणि तिसऱ्या जागी नेऊन ठेवा. "सान क ताय-प्याओ." उच्चार तेच, सूर तेच, फक्त जागा बदलली. आणि याचा अर्थ होतो "तीन प्रतिनिधित्वं".

हे काय प्रकरण? हू जिंताओंच्या आधीचे नेते जियांग झेमिन यांनी २००० साली मांडलेला हा सिद्धान्त. पक्ष तीन गोष्टींचं प्रतिनिधित्व करतो: देशातल्या प्रगत उत्पादक शक्तींचं, प्रगत संस्कृतीचं, आणि बहुसंख्य जनतेच्या हिताचं. याचा व्यवहारातला अर्थ असा होता की आता खासगी उद्योजकांनाही कम्युनिस्ट पक्षात जागा आहे. २००२ मध्ये हे पक्षाच्या घटनेत गेलं. मग शाळांत, कार्यालयांत, बैठकांत लोकांनी ते घोकून घोकून पाठ केलं. घोकलेल्या गोष्टीची टवाळी करायला फार वेळ लागत नाही.

म्हणजे आता चित्र पुन्हा बघा. खेकडा म्हणजे हू जिंताओंची घोषणा. तीन घड्याळं म्हणजे जियांग झेमिन यांची घोषणा. लागोपाठच्या दोन नेत्यांची दोन मोठी ब्रीदवाक्यं एका मुक्या प्राण्याच्या अंगावर चढवली आहेत. चित्रात नेता नाही, पक्ष नाही, झेंडा नाही. पण चिनी माणूस ते चित्र मनात वाचतो तेव्हा त्याच्या कानात सरकारी भाषण वाजतं, आणि समोर असतो घड्याळं घातलेला खेकडा. हसू त्या विसंगतीचं आहे.

घड्याळांच्या शब्दात दोन बारीक गोष्टी आहेत, त्या सांगून पुढे जातो. एक म्हणजे घड्याळ मोजायला चिनीत खरं तर "क" हा नग वापरत नाहीत, "ख्वाय" हा वेगळा नग आहे. म्हणजे चित्राखालचं वाक्य जरासं अडखळणारं आहे. पुन्हा तीच खूण, नेहमीचा शब्द सोडलाय. दुसरी गोष्ट लिपीची. चीनमध्ये विसाव्या शतकात लिपी सोपी केली, तेव्हा घड्याळाच्या चिन्हातला धातू दाखवणारा भाग गेला, आणि घड्याळ व प्रतिनिधी या दोन शब्दांतलं "प्याओ" एकाच चिन्हाने लिहिलं जाऊ लागलं. तैवानमध्ये जुनी लिपी आहे, तिथे ती दोन चिन्हं वेगळी आहेत. म्हणजे विनोद तैवानी कानाला कळेल, पण कागदावर तो तितका घट्ट बसणार नाही.

राहिला खेकड्याचा स्वभाव. इथे शब्दखेळाला संस्कृतीची जोड मिळते. खेकडा आडवा चालतो. चिनीत "आडवं चालणं" या शब्दाचा दुसरा अर्थ आहे दांडगाई करणं, कुणाला न जुमानता वाट्टेल ते करणं. नांग्या परजत आडवा चालणारा खेकडा म्हणजे गावगुंड. त्यामुळे उच्चाराने जुळलेला प्राणी स्वभावानेही जुळला. ससा असता तर हा विनोद एका दिवसात विसरला गेला असता. २००९ मध्ये चिनी इंटरनेटवर एका काल्पनिक प्राण्याची, अल्पाकासारख्या दिसणाऱ्या घोड्याची गोष्ट खूप गाजली. त्या घोड्याच्या नावाचा उच्चार एका आईवरच्या शिवीजवळ जातो, म्हणून मी तो इथे करत नाही. त्या गोष्टीत घोड्यांच्या कुरणावर चाल करून येणारा खलनायक कोण? नदीतले खेकडे. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

आता तुम्ही विचाराल, हा सगळा अर्थ खरंच चित्रात आहे, की मी तो घालतोय? हा प्रश्न योग्य आहे. कारण मीम समजावणारे लोक बऱ्याचदा हवेत इमले बांधतात. वर्गातल्या पोरांचा "वेळ थोडा, कामं फार" हा अर्थही ऐकायला पटतोच की. मग ओळखायचं कसं?

मी एक साधी कसोटी वापरतो. चित्रातली एकेक गोष्ट बदलायची आणि विनोद मरतो का ते बघायचं. खेकड्याच्या जागी कासव ठेवा. मेला. चित्राखाली नदीखेकड्याऐवजी रोजचा फांगश्ये लिहा. मेला. तीनऐवजी दोन घड्याळं करा. घड्याळांचा भाग मेला, खेकड्याचा शिल्लक राहिला. घड्याळांऐवजी तीन बांगड्या घाला. पुन्हा तेच. पण खेकड्याचा रंग बदला, लाल करा, हिरवा करा, व्यंगचित्र काढा किंवा फोटो लावा, काही फरक पडत नाही. म्हणजे जे बदलल्यावर विनोद मरतो त्यात अर्थ आहे, आणि बाकी सजावट. आता टोपलीतल्या खेकड्यांचा मराठी अर्थ या कसोटीवर लावा. त्या अर्थाला "तीन" ची गरज नाही, नदीचीही नाही, आणि खेकडा एकटा आहे, त्याचे पाय ओढायला दुसरा कुणी नाही. अर्थ गळून पडतो.

दुसरी चूक होते ती काळाची. २०१२ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या शान्शी प्रांतात बस आणि टँकरची भीषण टक्कर झाली, ३६ माणसं गेली. अपघातस्थळी उभा असलेला एक अधिकारी हसतानाचा फोटो आला. लोक भडकले. त्यांनी त्याचे जुने फोटो शोधून काढले, तर प्रत्येक फोटोत मनगटावर वेगळं महागडं घड्याळ. त्याला नाव पडलं "प्याओ-क", घड्याळवाला दादा. इथेही श्लेष आहे, आणि तो मराठी माणसाला समजायला फार सोपा. चिनीत चुलतभाऊ वेगळा आणि मामेभाऊ-आतेभाऊ-मावसभाऊ वेगळे. या दुसऱ्या गटातला वयाने मोठा भाऊ म्हणजे "प्याओ-क". म्हणजे घड्याळवाला दादा हा आपला मामेभाऊही झाला. इंग्रजीत सगळेच कझिन, त्यामुळे तिथे हे समजावताना घाम फुटतो. आपल्याला नाती आयती तयार मिळतात. त्या अधिकाऱ्याला पुढच्या वर्षी भ्रष्टाचारासाठी १४ वर्षांची शिक्षा झाली.

पण खेकड्याच्या घड्याळांशी या घड्याळांचा संबंध नाही. खेकड्याचं चित्र आधीचं आहे. आज ते कुणी नव्याने बघितलं तर "घड्याळ म्हणजे लाचखोर अधिकारी" असं सहज वाटेल. तो नंतर चिकटलेला अर्थ आहे. मीमला तारीख लिहिलेली नसते, म्हणून समजावणाऱ्याने ती आधी शोधायची.

आता माझा आवडता प्रश्न. हे मराठीत आणता येईल का? भाषांतर केलं तर "तीन घड्याळं घातलेला नदीतला खेकडा" एवढंच उरतं, आणि ते म्हणजे काहीच नाही. पण यंत्र तेच ठेवून नवा विनोद बांधता येतो का, ते बघूया. समजा, कुणी सत्तेने "एकोपा, एकोपा" असा घोष लावलाय, आणि त्या नावाने लोकांचं लिखाण पुसतोय. मग लोक फक्त एका सुगरणीच्या घरट्याचं चित्र टाकतील, आणि खाली लिहितील "एक खोपा". एकोपा, एक खोपा. एका ह-काराचा फरक, जसा तिथे एका सुराचा होता. "माझा लेख कुठे गेला?" "खोप्यात गेला." चालतंय की नाही?

चालतंय, पण बघा काय हरवलं. मराठी माणसाला खोपा म्हटलं की सुगरण आठवते, तिची माया आठवते, पिलं आठवतात. खोपा कुणाला चावत नाही. खेकड्याची नांगी इथे नाही, आडवं चालणं नाही, दांडगाई नाही. उच्चार जुळला, स्वभाव जुळला नाही. ज्या प्राण्यात दोन्ही एकदम जुळतात तो सापडणं हा योगायोग असतो, आणि चिनी लोकांना तो सापडला.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ राहिला नाही, तेही सांगायला हवं. आय वेईवेई हे चीनचे जगप्रसिद्ध कलावंत. शांघायजवळ माळू नावाच्या भागात त्यांनी स्टुडिओ बांधला होता, स्थानिक सरकारच्याच निमंत्रणावरून. बांधून झाल्यावर सांगण्यात आलं की परवानगी नव्हती, पाडायचा. आय यांनी जाहीर केलं, ठीक आहे, पाडण्याआधी मेजवानी देतो. तारीख ७ नोव्हेंबर २०१०. जेवणाचा बेत? नदीतले खेकडे. शरद ऋतूत त्या भागात खेकडे खायची पद्धत आहेच, त्यामुळे वरवर पाहता बेत अगदी ऋतुमानाप्रमाणे होता. त्यांना बीजिंगमधल्या घरीच अडकवून ठेवण्यात आलं, पण शेकडो लोक आले आणि खेकडे खाऊन गेले. म्हणजे काय खाल्लं त्यांनी? सलोखा खाल्ला. जानेवारी २०११ मध्ये स्टुडिओ जमीनदोस्त झाला. एप्रिलमध्ये आय यांना ताब्यात घेतलं आणि ८१ दिवस ठेवलं. पुढे त्यांची एक कलाकृती जगभर गेली. चिनी मातीचे सुमारे तीन हजार खेकडे, जमिनीवर ढीग घालून मांडलेले. नाव फक्त "ह-श्ये". कुठला श्ये, चढता की पडता, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

विनोदाने स्टुडिओ वाचला नाही, हे साफ आहे. गाळणी लावणारेही मूर्ख नसतात. एखादा शब्दखेळ सगळ्यांना कळला की तो त्यांनाही कळतो, आणि मग तोही यादीत जातो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तर चीनच्या प्रसारण खात्याने रेडिओ, टीव्ही आणि जाहिरातींत म्हणी-वाक्प्रचारांत शब्दखेळ करू नका असं फर्मान काढलं. कारण दिलं होतं भाषेच्या शुद्धतेचं आणि मुलांवर होणाऱ्या परिणामाचं. ज्या देशात नववर्षाचा मासा हाच शब्दखेळ आहे, तिथे हे फर्मान. म्हणजे फट कुठे आहे हे दोन्ही बाजूंना माहीत आहे. एक बाजू ती बुजवते, दुसरी बाजू नवी शोधते. म्हणून अशा मीमचं आयुष्य थोडं असतं, आणि म्हणूनच ते काही वर्षांनी कुणाला कळेनासं होतं. ज्या दिवशी दोन्ही घोषणा लोक विसरतील, त्या दिवशी उरेल एक खेकडा, त्याला उगाचच तीन घड्याळं.

माझ्या वर्गात सगळं सांगून झाल्यावर बरेचदा कुणीतरी म्हणतं, "सर, समजलं, पण हसू नाही आलं." बरोबर आहे, यायचंही नाही. समजावलेला विनोद हसवत नाही. पण तो माणूस तेव्हा का हसला, आणि हसण्याआधी आजूबाजूला का बघितलं, एवढं कळलं की पुरे.

तुम्हाला न कळलेलं एखादं चित्र, व्यंगचित्र, कुठल्याही भाषेतलं, असेल तर पाठवा. आणि पाठवण्याआधी त्यातली एक गोष्ट बदलून बघा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.